पिवळ्या ठिपक्याची बाटली

मशीन घ्यायच्या आधी मी दोनशे पानी वही घेतली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकवीस वर्षं काढली होती. नट-बोल्टपासून ड्रमपर्यंत काय आलं, काय गेलं ते लिहिणं हेच माझं काम. ते युनिट बंद झालं. हातात आलेले पैसे बँकेत पडून राहण्यापेक्षा बोईसरमध्येच लाँड्री काढू, असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, "आयुष्यभर लोकांचा माल मोजलास, आता लोकांचे कपडे मोज."

वहीच्या पहिल्या पानावर खर्च लिहिला. पंधरा किलोचं व्यावसायिक वॉशिंग मशीन नवं तीन लाखांच्या पुढे. तसंच मशीन बंद पडलेल्या एका हॉटेलातून एक लाख चाळीस हजारांना मिळालं. ड्रायर जुना, नव्वद हजार. बॉयलर आणि वाफेच्या इस्त्रीचं टेबल मिळून साठ हजार. थ्री फेजचं मीटर, दुकानाचं डिपॉझिट, आणि पाणी मऊ करायचं यंत्र. हे शेवटचं यादीत नव्हतं. बोअरच्या पाण्यात पहिल्याच आठवड्यात सहा पांढरे शर्ट तांबूस झाले, तेव्हा ते यादीत आलं. खरं ड्रायक्लीनिंगचं मशीन दहा लाखांच्या पुढचं, म्हणून त्याचा विचारच केला नाही. ड्रायक्लीनचे कपडे मंगळवारी आणि शुक्रवारी पालघरच्या एका प्लांटला जात. साडीचे ते माझ्याकडून एकशे साठ घेत, मी गिऱ्हाइकाकडून अडीचशे घेई.

दर काढायला मला तीन रात्री लागल्या. मशीनवर लिहिलंय पंधरा किलो, पण बारा किलोच्या वर भरलं की मळ निघत नाही. बारा किलोत कारखान्याच्या गणवेशाचे साधारण पंधरा जोड बसतात. वीज, पाणी, पावडर, दोघांचा पगार, भाडं आणि मशीनची झीज धरून एक जोड मला अठ्ठावीस रुपयांना पडत होता. दर ठेवला चाळीस. शर्ट धुऊन-इस्त्री तीस, नुसती इस्त्री दहा, ब्लँकेट दीडशे. बिलाच्या मागच्या बाजूला इतर दुकानांच्या बिलांवर असतं तेच छापून घेतलं: कपडा हरवल्यास किंवा खराब झाल्यास धुलाईच्या दराच्या दहापट भरपाई, त्याहून जास्त नाही, रंग, जर, बटणं यांची जबाबदारी नाही. ते छापताना मला फार सुरक्षित वाटलं होतं.

मदतीला एक बाई होती. चाळिशीतली, पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. भातकापणी झाली की ती कुटुंबासह बोईसरला कामाला येई, आणि त्या वर्षी इथेच राहिली होती. हात चलाख, नजर त्याहून चलाख. वाचता मात्र येत नव्हतं. डाग काढायच्या बाटल्यांवर मी नावं लिहिली होती, ती तिच्या काय कामाची? मग मी रंगाचे ठिपके लावले. ग्रीसला काळा ठिपका, गंजाला तांबडा, कॉलरच्या पिवळ्या घामट डागाला पिवळा. पिवळ्या ठिपक्याच्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि साबण होता. "डागाचा रंग बघ, त्याच रंगाचा ठिपका घे," मी सांगितलं. तिने एकदाच ऐकलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. ही युक्ती मी नवऱ्याला दोनदा सांगितली, इतकी मला आवडली होती.

पालघरचा प्लांट डाग असलेल्या कपड्याला दर डागामागे वीस रुपये जास्त लावायचा. म्हणून साधे डाग आपणच काढून कपडे पाठवायचे, असा नियम मी केला. त्याखाली 'रेशीम व जर सोडून' असंही लिहिलं आणि तो कागद भिंतीवर चिकटवला.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. लग्नसराई होती. एका सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करायच्या सुमाराला एक मुलगी आली. बावीस-तेवीसची असेल, ओढणीखाली पिशवी धरलेली. पिशवीत जुनी रेशमी साडी. सायीच्या रंगाची, लाल काठ, काठाला खरी जर.

"ताई, शनवारी सकाळी पायजे," ती म्हणाली. "मी घिवलीची. घरी फोन नका करू. मीच येईन." घिवली म्हणजे समुद्रकाठचं मासेमारीचं गाव.

मी साडी काउंटरवर उलगडली. पोटाकडच्या भागात चार पिवळे डाग, एक तळहाताएवढा. हळद. आत येताना प्रत्येक कपडा तपासून गिऱ्हाइकासमोर लिहायचं ही माझी पद्धत. मी लिहिलं: 'रेशमी साडी १. पिवळे डाग ४. जर ठीक.' पिवळे, असंच लिहिलं. हळद हा शब्द लिहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं की तरीही झालं असतं, कोण जाणे. वाचणार तरी कोण होतं!

मुलीने हळूहळू सांगितलं. ही साडी तिच्या सासूच्या सासूची. त्या घरातली प्रत्येक सून आणि प्रत्येक लेक लग्नात हीच नेसते. गेल्या वैशाखात स्वतःच्या लग्नात ही मुलगी ती नेसली, आणि कुणीतरी चेष्टेत हळदीचा हात पुसला. घाबरून तिने साडी तशीच घडी करून ट्रंकेत ठेवली. आता रविवारी नणंदेचं लग्न. शनिवारी दुपारी सासू ट्रंक उघडणार.

"आधीच म्हनतात माझ्या हाताला कायच राहत नाय," ती म्हणाली. "लग्न झालं त्याच हप्त्यात बोटीचं इंजिन बंद पडलं. तेबी माझ्यावरच आलं."

मी म्हटलं, "शनिवारी मिळेल." पावती फाडून दिली. साडी ड्रायक्लीनच्या रॅकवर ठेवली, मंगळवारच्या गाठोड्यात जायला.

मंगळवारी सकाळी मी बँकेत गेले होते. परत आले तर माझी मदतनीस दुकानाच्या मागच्या दारात उभी. हात पदरात गुंडाळलेले.

"बाय," ती म्हणाली, "साडी लाल झाली."

टेबलावर साडी पसरलेली होती. जिथे चार पिवळे डाग होते तिथे चार लाल डाग. ओल्या रक्तासारखे. बाजूला पिवळ्या ठिपक्याची बाटली आणि ब्रश.

माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं ते मला अजून आठवतं आणि आठवायला आवडत नाही. "अक्कल नाही का तुला? रेशमाला सोडा लावतात?"

आमचा इस्त्रीवाला, उत्तर प्रदेशचा म्हातारा माणूस, इस्त्री उभी करून म्हणाला, "भाभी, किनारी का रंग उतर गया. गया समझो."

मलाही तेच वाटलं. काठाचा लाल रंग सुटला आणि पसरला. सुटलेला रंग रेशमावरून काढणं म्हणजे साडीच घालवणं. मी साडी पाण्यात बुचकळू का नको, प्लांटला फोन करू का नको, अशी उभी राहिले. हातात वही होती आणि वहीत यासाठी पान नव्हतं. अडीचशेच्या दहापट म्हणजे अडीच हजार. हा हिशेब आपोआप डोक्यात झाला आणि माझी मलाच किळस आली. अडीच हजार रुपये त्या मुलीने सासूपुढे ठेवायचे आणि सांगायचं काय?

मग माझी मदतनीस पुढे आली. तिने काठावर बोट ठेवलं. "बाय, काठ तर कोरडा हाय. काठ इथं, डाग तिथं. मधी रंग नाय."

खरंच. काठ आणि डाग यांच्यामध्ये वीतभर स्वच्छ साय. रंग वाहत आला असता तर वाट दिसली असती.

"मग हे काय?"

"कुंकू," ती म्हणाली. "आमची आजी हलदीत चुना घालायची, अशीच लाल व्हायची. हलदीचं हात साबनानं धुतलं तरी लाल व्हतात. तुमाला नाय ठाव?"

मला ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला प्रत्येक ओटा पुसताना मी ते पाहिलं होतं. पण ते घरी. दुकानात माझ्यासाठी पिवळं म्हणजे कॉलर.

"आणि परत पिवळी?"

"चिंचेच्या कोलात हात बुडवला का व्हते."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. चिंच नाही, तिचा स्वतःचा डाग राहतो. पांढरं व्हिनेगर आणलं, एका वाटीला चार वाट्या पाणी. आधी साडीच्या आतल्या टोकावर थेंब टाकून दहा मिनिटं पाहिलं. रंग हलला नाही. मग डागाखाली पांढरा टॉवेल ठेवून कापसाने टिपायला सुरुवात केली. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. लाल कडेने पिवळं होऊ लागलं. सगळ्यात मोठ्या डागाला अर्धा तास लागला. पुन्हा साध्या पाण्याने टिपून आंबटपणा काढला. चारही डाग पिवळे झाले, सोमवारी होते तसेच.

तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. मोठ्या डागाजवळ आणि त्याच्या खालच्या डागाजवळ रेशमाची चमक गेली होती. सोडा आणि ब्रश. बोट फिरवलं की तेवढाच भाग खरखरीत लागे. यावर कुठल्याच आंबटाचा उपाय नव्हता.

पालघरच्या प्लांटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "हळद जुनी असली तर आमच्या मशीनने जात नाही. उन्हाने जाते. काढा ऊन दाखवून, मग शुक्रवारी आणा. तेल, धूळ मी काढतो. पण काठ झाका, नाहीतर काठही फिका होईल."

बुधवारी आणि गुरुवारी साडी इमारतीच्या गच्चीवर होती. दोन जुन्या पांढऱ्या चादरींमध्ये साडी, वरच्या चादरीला चार भोकं कापून फक्त डाग उघडे. माझी मदतनीस दर अर्ध्या तासाने वर जाऊन डाग किंचित ओले करी, आणि मी मशीन लावता लावता घड्याळ पाही. त्या दोन दिवसांत मी तिच्याशी कामापलीकडे बोलले नाही. तिला वाटत होतं मी रागावले आहे. मी काय बोलावं तेच मला सुचत नव्हतं, कारण भिंतीवरचा कागद मी दिवसातून दहा वेळा वाचत होते. 'रेशीम व जर सोडून.' सुवाच्य अक्षरात, वाचता न येणाऱ्या बाईसाठी.

गुरुवारी दुपारपर्यंत लहान दोन डाग गेले होते, मोठे फिके झाले होते. तीनच्या सुमारास रिक्षा दारात थांबली. आधी एक उंच, रुंद हाडाची बाई उतरली, केसांत अबोलीचा गजरा, हातात रिकामी मासळीची पाटी. बाजार करून आली होती. तिच्या मागे ती मुलगी, डोळे सुजलेले.

"लाँड्री हीच काय?" बाई म्हणाली. "शनवारची वाट नाय बघितली, आजच ट्रंक उघडली तं साडी नाय. सून सांगते धुवाला दिली. दाखव बघू माझी साडी."

"शनिवारी तयार होईल," मी म्हटलं.

"तयार नको बोलू. हाय तशी दाखव."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. आम्ही गच्चीवर गेलो. मी वरची चादर उचलली. सासू वाकली. मासळीची पारख करणारी नजर ती, एका क्षणात डाग सोडून खरखरीत जागेवर गेली. तिने अंगठा फिरवला.

"ही काय झाली?"

मग ती सुनेकडे वळली. "बघितलंस? सत्तर वर्सं नेसली ही साडी. माझ्या सासूनं नेसली, मी नेसली, माझ्या दोन जावांनी नेसली. कायच झालं नाय. तुझ्या अंगाला लागली नि ही अशी झाली. आता माझी पोर काय नेसल?"

मुलीने मान खाली घातली. मला कळलं की ती स्वतःच्या बाजूने काही बोलणार नाही. दोष आपलाच, हे तिने मनात आधीच कबूल करून टाकलं होतं.

माझ्यापुढे रस्ता अगदी मोकळा होता. लाल डाग आता कुठेच नव्हते. पावतीवर 'पिवळे डाग ४' लिहिलेलं, खाली मुलीची सही. मागे छापलेलं, जबाबदारी नाही. जुनं रेशीम, हळद, ट्रंकेतला दमटपणा, खरखर कशानेही आली असेल. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. गच्चीच्या कोपऱ्यात माझी मदतनीस पाण्याची वाटी घेऊन उभी होती. ती पुढे येण्यासाठी पाऊल उचलत होती, आणि ती काय बोलणार ते मला दिसत होतं.

"थांब," मी तिला म्हटलं. मग सासूला म्हणाले, "हे सुनेचं नाही. डाग तिचे होते, ही खरखर आमची आहे. रेशमाला सोडा लागला."

"कुनी लावला?"

"मी लावला," मदतनीस म्हणाली.

"हात तिचा होता," मी म्हटलं. "बाटलीवर ठिपका मी लावला. पिवळा डाग दिसला की पिवळी बाटली घे, असं मीच शिकवलं. मी सांगितलं तेच तिने केलं. रेशीम वगळायचं हे मी फक्त कागदावर लिहिलं होतं."

मदतनीस माझ्याकडे पाहत राहिली. सासूने कमरेवर हात ठेवला. "शिकलेली बाय तू. हलदीला सोडा लावते! माझी बारकी नात पन नाय लावनार." ती हसली नाही. "आता काय देशील?"

"बिलावर दहापट आहे. अडीच हजार."

"अडीच हजारात माझी सासू परत येल काय?"

"जास्त सांगा, देते," एवढं कसंबसं म्हटलं.

"पैशाचं नंतर बघू. शनवारी साडी दे. पिवळं एक बोटभर दिसलं तं घेनार नाय, नि तुझ्या दुकानाचं नाव घिवलीपासून पामपर्यंत मीच सांगत फिरन. रोज चार गावं हिंडते मी." जिना उतरताना ती वळली. "नि आता बोललीस ना, ते लिहून ठेव. कागदावर. तुझ्या सहीनं."

शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत साडीने शेवटचं ऊन खाल्लं. मग एसटीने मी स्वतः पालघरला घेऊन गेले, मांडीवर ठेवून. प्लांटवाला बाकीचा माल बाजूला ठेवायला तयार नव्हता. मी त्याच्या दारातल्या खुर्चीवर बसून राहिले आणि दर तासाला आत डोकावले. चौथ्या वेळी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही घरी जावं म्हणून तरी आधी तुमचीच घेतो." साडी मी त्याच्याच समोर उजेडात धरून पाहिली. लहान डागांचा पत्ता नाही. मोठ्यांच्या जागी कुणी सांगितलं तरच दिसेल अशी सावली. काठ पहिल्याइतकाच लाल. खरखर होती तिथेच.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच सासू-सून दारात उभ्या होत्या. सासूने साडी काउंटरवर पसरली, खिडकीकडे ओढली, चारही जागा अंगठ्याने शोधल्या. पिवळं कुठे सापडलं नाही. खरखरीत जागेवर अंगठा बराच वेळ थांबला. मग तिने साडीची टोकं हातात धरून माझ्या डोळ्यांदेखत निऱ्या घातल्या, भराभर, एकावर एक. खरखरीत भाग दोन घड्यांच्या आत गेला.

"निऱ्यांत जाल," ती म्हणाली. "कागद?"

मी लिहून ठेवला होता. स्टोअरमध्ये तुटलेल्या मालाचा अहवाल लिहायची सवय होती, तसाच लिहिला. साडी कोणत्या स्थितीत आली, आमच्याकडून काय चुकलं, काय दुरुस्त झालं, काय राहिलं. शेवटी: 'उरलेला दोष दुकानाचा आहे. गिऱ्हाइकाचा नाही.' खाली सही आणि शिक्का. सासूने तो सुनेकडे सरकवला. "वाच मोठ्यानं."

मुलीने वाचला. शेवटच्या ओळीला ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून तीच ओळ वाचली.

"ठेव तुझ्याकडं," सासू म्हणाली. "उद्या मांडवात माझ्या जावा निऱ्या चाचपतील. मना म्हाईत हाय त्या कशा हायत. कुनी तुझं नाव काढलं तं हा काढून दाव. नि मी बोलली ते..." ती तिथेच थांबली. सुनेने कागदाची चार वेळा घडी करून तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन लावली.

मी अडीच हजारांचं पाकीट पुढे केलं. सासूने ते दोन बोटांनी परत ढकललं. मग कनवटीची पिशवी सोडून अडीचशे रुपये मोजून काउंटरवर ठेवले. नोटांना सुकटीचा वास होता.

"हे नको," मी म्हटलं.

"धुतलीस ना? मंग घे. फुकट धुतलेली साडी माझ्या पोरीला नको." मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या मदतनिसाला ती म्हणाली, "नि तू गो, हिला जरा शिकव."

त्या गेल्यावर मी भिंतीवरचा कागद काढला. बाटल्या टेबलावर मांडल्या आणि तिला म्हटलं, "सांग, खुणा कशा करायच्या?"

तिने थोडा विचार केला. रॅकच्या तळाशी उरलेल्या चिंध्या पडल्या होत्या, त्यातून तिने गणवेशाच्या जाड कापडाचा एक तुकडा घेतला आणि पिवळ्या ठिपक्याच्या बाटलीच्या गळ्याला बांधला. "ही फक्त ह्या कापडाची," ती म्हणाली. मग रेशमाचा एक धागा हातात घेऊन रिकामी जागा शोधू लागली. "याची बाटली कुठं हाय?"

"नाही," मी म्हटलं. "याची बाटली नाही. हा दिसला की मला हाक मारायची."

तिने तो धागा माझ्या वहीला बांधला.